सिग्नल चांगला, तरी वायफाय तुटतं: एका लॅपटॉपचं प्रकरण

घरात राउटर एकच. त्यावर दोन फोन, एक टीव्ही आणि दोन लॅपटॉप. इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. फोनवर स्पीड टेस्ट लावली की ९० च्या आसपास आकडा येतो, एका लॅपटॉपवरही तेवढाच येतो. दुसऱ्या लॅपटॉपवर मात्र डाउनलोड ४ ते ६ एमबीपीएसच्या वर सरकत नाही, व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचं चित्र मध्येच गोठतं, आणि दिवसातून बऱ्याचदा वायफाय तुटून आपोआप परत जोडलं जातं. लॅपटॉप विंडोज ११ चा, दोन अँटेनांचं आणि २.४ व ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड चालणारं वायफाय कार्ड असलेला. टेबल राउटरच्या शेजारच्या खोलीत, मध्ये एक भिंत.

नेहमीचे उपाय करून झालेले होते. राउटर बंद-चालू केला, वायफायचं नाव विसरायला लावून पासवर्ड पुन्हा टाकला, ड्रायव्हर काढून नव्याने बसवला. प्रत्येक उपायानंतर तासभर बरं वाटायचं आणि मग गाडी परत मूळपदावर. असं तात्पुरतं बरं वाटणं फसवं असतं. त्या तासाभरात लॅपटॉपच्या आजूबाजूला काय बदललेलं होतं हे पाहिलं नाही, तर श्रेय भलत्याच उपायाला जातं. इथे नेमकं तेच घडत होतं, पण ते पुढे येईल.

आधी इंटरनेट आणि वायफाय वेगळं करायचं

स्पीड टेस्ट लॅपटॉपपासून दूरच्या सर्व्हरपर्यंतचा सगळा रस्ता मोजते. त्यात लॅपटॉप ते राउटर हा पहिला टप्पा किती आणि पुढचा किती, हे कळत नाही. म्हणून पहिली मोजणी फक्त राउटरपर्यंतची. कमांड प्रॉम्प्ट उघडून `ipconfig` टाकलं की `Default Gateway` या ओळीत राउटरचा पत्ता मिळतो. या घरात तो `192.168.1.1` होता. मग त्याला शंभर वेळा छोटी हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजायचं, यालाच पिंग म्हणतात:

```
ping -n 100 192.168.1.1
```

साधारण दीड-पावणेदोन मिनिटांत शंभर पिंग होतात. शेवटी जो हिशेब येतो तो असा होता:

```
Packets: Sent = 100, Received = 88, Lost = 12 (12% loss),
Minimum = 2ms, Maximum = 1420ms, Average = 163ms
```

हाच पिंग दुसऱ्या लॅपटॉपवरून, त्याच टेबलाच्या कडेला बसून केला तेव्हा एकही पिंग हरवला नाही. सरासरी ३ मिलिसेकंद, जास्तीत जास्त १९. ही तुलना टाळू नये. काही राउटर पिंगला उत्तर द्यायला मुद्दाम कमी प्राधान्य देतात, त्यामुळे एकट्या आकड्यावरून राउटर कामात गुंतला आहे की वायफाय बिघडलं आहे हे ठरवता येत नाही. त्याच राउटरचं उत्तर दुसऱ्या यंत्राला वेळेवर मिळतंय म्हटल्यावर राउटर, इंटरनेट कंपनीची लाइन, डीएनएस, व्हीपीएन ही सगळी मंडळी संशयातून सुटतात. बिघाड या एका लॅपटॉपच्या आणि राउटरच्या मधल्या हवेत आहे, किंवा ती हवा ऐकणाऱ्या कार्डात.

सरासरी १६३ असली तरी कमीत कमी २ मिलिसेकंद होती, हेही बघण्यासारखं आहे. म्हणजे जोडणी मुळात धड आहे आणि अधूनमधून अगदी उत्तम चालते. कार्डच मेलं असतं तर असं झालं नसतं.

पट्ट्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

दुसरी कमांड:

```
netsh wlan show interfaces
```

विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये ही कमांड चालायला लोकेशनची परवानगी चालू असावी लागते, नाहीतर ती तसा संदेश देऊन थांबते. येणाऱ्या यादीतल्या कामाच्या ओळी एवढ्याच:

```
Radio type             : 802.11n
Channel                : 6
Receive rate (Mbps)    : 13
Transmit rate (Mbps)   : 78
Signal                 : 70%
```

चॅनल ६ म्हणजे लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झ बँडवर आहे. हे एक लक्षात ठेवून पुढे जाऊ, कारण राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देत होता आणि बाकी सगळी यंत्रं ५ गिगाहर्ट्झवर होती.

सिग्नल ७० टक्के. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि विंडोजचे हे टक्के सरळ त्याच हिशेबाचे असतात: उणे १०० डीबीएम म्हणजे शून्य टक्के, उणे ५० डीबीएम म्हणजे शंभर. त्यामुळे ७० टक्के म्हणजे उणे ६५ डीबीएमच्या आसपास. एका भिंतीपलीकडून येणाऱ्या सिग्नलसाठी ही पातळी चांगली आहे. दोन अँटेनांच्या कार्डाला २.४ च्या नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर जास्तीत जास्त १४४ एमबीपीएसचा दर मिळू शकतो, आणि एवढ्या सिग्नलवर निदान ७८ ते १०४ मिळायला हरकत नाही.

`Transmit rate`, म्हणजे लॅपटॉपकडून राउटरकडे जाणाऱ्या मालाचा दर, ७८ च होता. अगदी अपेक्षेप्रमाणे. पण `Receive rate`, म्हणजे राउटरकडून लॅपटॉपकडे येणाऱ्या मालाचा दर, १३ वर घसरलेला. कमांड पाच-सहा वेळा पुन्हा चालवली तरी चित्र तेच, येणारा दर १३ ते २६ मध्ये आणि जाणारा ५० च्या वर. एकदाच पाहून निष्कर्ष काढू नये, कारण लॅपटॉप निवांत असताना हे दर काही क्षण खाली दिसू शकतात. एखादा व्हिडिओ चालू ठेवून वाचावेत.

या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा हाच. अंतर किंवा भिंत आडवी येत असेल तर दोन्ही दिशांना साधारण सारखाच फटका बसतो. अँटेनाची तार निसटलेली असेल तरीही दोन्ही दिशा मार खातात आणि वर सिग्नलचे टक्केही पडतात. राउटरच्या खोलीत बसूनसुद्धा लॅपटॉप ३०-४० टक्के दाखवतो आणि बाजूचा फोन भरलेल्या पट्ट्या दाखवतो, तेव्हा अँटेनाकडे बघायचं, विशेषतः लॅपटॉप नुकताच उघडून रॅम किंवा एसएसडी बदलली असेल तर. इथे सिग्नल ठीक होता, लॅपटॉपचं बोलणं राउटरला नीट ऐकू जात होतं, आणि फक्त लॅपटॉपला राउटरचं बोलणं कळत नव्हतं. म्हणजे गोंगाट लॅपटॉपच्या कानाशी आहे.

स्पीड टेस्टमध्येही याची खूण आधीपासून होती, फक्त तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. डाउनलोड ५ आणि अपलोड २१. बहुतेक जण डाउनलोडचा आकडा पाहून टेस्ट बंद करतात. एकाच यंत्रावर डाउनलोडपेक्षा अपलोड चौपट यावं आणि शेजारच्या यंत्रावर तसं नसावं, याचा अर्थ लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पट्ट्या किंवा टक्के फक्त राउटरचा आवाज किती मोठा पोचतो ते सांगतात. भोवती किती गोंगाट आहे ते सांगत नाहीत. राउटरचा सिग्नल उणे ६५ आणि पार्श्वभूमीचा गोंगाट उणे ९२ असेल तर दोघांत २७ डेसिबलचं अंतर राहतं, आणि त्यात वेगवान दर आरामात बसतात. तोच गोंगाट वाढून उणे ७२ झाला तर अंतर ७ डेसिबलच उरतं. तेवढ्यात जेमतेम १३ एमबीपीएसचा दर निभतो. पट्ट्या मात्र दोन्ही वेळा सारख्याच. भरल्या लग्नघरात समोरचा माणूस तेवढ्याच मोठ्याने बोलत असतो, तरी शब्द कळत नाहीत, तसंच हे. मॅकवर हे काम सोपं आहे: ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नलचा `RSSI` आणि गोंगाटाचा `Noise` हे दोन्ही आकडे शेजारी दिसतात. विंडोजवर गोंगाटाचा आकडा दिसत नाही, म्हणून तो असा आडवळणाने ओळखावा लागतो.

तुटण्याची नोंद

वेग कमी का, याचा अंदाज आला. पण तुटणं? ते याच कारणाने की वेगळ्या? विंडोज मागच्या तीन दिवसांची नोंद ठेवतं. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
netsh wlan show wlanreport
```

अहवाल `C:\ProgramData\Microsoft\Windows\WlanReport\wlan-report-latest.html` इथे तयार होतो आणि ब्राउझरमध्ये उघडतो. त्यात प्रत्येक जोडणी कधी सुरू झाली, किती वेळ टिकली आणि का संपली हे असतं. या लॅपटॉपच्या अहवालात जवळपास प्रत्येक तुटण्यापुढे एकच वाक्य होतं: `The network is disconnected by the driver`.

हे वाक्य वाचून लोक ड्रायव्हर बदलत सुटतात. त्याचा अर्थ ड्रायव्हर खराब आहे असा होत नाही. जोडणी वापरणाऱ्याने तोडली नाही, ती सोडून देण्याचा निर्णय ड्रायव्हरने घेतला, एवढंच ते सांगतं. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी छोटी हाळी देत असतो, तिला बीकन म्हणतात. लॅपटॉपला लागोपाठ बऱ्याच बीकन ऐकू आल्या नाहीत की ड्रायव्हर समजतो, राउटर गेला. मग तो जोडणी सोडतो आणि नव्याने शोध सुरू करतो. बीकन संथ आणि मजबूत दराने पाठवल्या जातात, म्हणून थोड्याफार गोंगाटात त्या तगतात. गोंगाट फारच वाढला की त्याही बुडतात. तेव्हा संथपणा आणि तुटणं हे दोन आजार नव्हते. गोंगाट मध्यम असला की वेग पडायचा, फार वाढला की जोडणी तुटायची.

अहवालातल्या वेळा मात्र खरोखर उपयोगी पडल्या. सगळी तुटणी दिवसा, कामाच्या तासांत. संध्याकाळी सातनंतरची जोडणी चार-चार तास अखंड. संध्याकाळी हा लॅपटॉप टेबलावरून उचलून सोफ्यावर नेला जात होता. सोफा राउटरपासून टेबलाइतकाच दूर, मध्ये तीच भिंत.

पॉवर सेव्हिंगचा संशयही इथेच मिटला. वायफाय कार्डाला वीज वाचवायला लावणारी सेटिंग त्रास देते तेव्हा तो बहुधा बॅटरीवर असताना होतो आणि चार्जर लावला की कमी होतो. इथे उलटं होतं: चार्जर लावून टेबलावर त्रास, बॅटरीवर सोफ्यावर काही नाही. सेटिंग तपासायचीच असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या `Power Management` टॅबवरची `Allow the computer to turn off this device to save power` ही खूण काढून दोन दिवस बघावं. पण इथे त्याची गरज उरली नव्हती.

टेबलावर काय काय होतं

चार्जर. यूएसबी-सीमध्ये बोटभर तारेचा एक हब. त्या हबवर मॉनिटरची एचडीएमआय केबल, बॅकअपसाठी कायम जोडलेली यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क, आणि वायरलेस माउसचा इवलासा डाँगल. कानाला ब्लूटूथ हेडसेट. हबची तार आखूड असल्याने हब लॅपटॉपच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला, बिजागरीला जवळजवळ टेकून पडलेला. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफायच्या अँटेना पडद्याच्या चौकटीत किंवा बिजागरीच्या पट्टीत असतात.

आता एक एक वस्तू काढून पाहायची, आणि काढताना मोजणी चालू हवी. त्यासाठी न थांबणारा पिंग:

```
ping -t 192.168.1.1
```

ही खिडकी पडद्याच्या एका कोपऱ्यात ठेवून दुसरीकडे हार्ड डिस्कवर पाच-सहा जीबीची फाइल कॉपी करायला लावली. पिंगच्या ओळी लगेच बिघडल्या: ४, ३, ३१०, `Request timed out`, ८७०, ५. हेडसेट बंद केला, किंचित फरक. हेडसेट आणि वायफाय बहुधा एकाच कार्डावरून आणि त्याच २.४ च्या बँडवर चालतात, त्यामुळे कॉलच्या वेळी हेडसेट हवेतला थोडा वेळ खातो. त्याने वेग कमी होतो, पण एवढी पडझड होत नाही. मॉनिटरची केबल काढली, फरक नाही. मग कॉपी थांबवून, डिस्क रीतसर `Eject` करून काढली. दोन-तीन सेकंदांत पिंग २, ३, २, ४ असा सरळ रेषेत आला आणि तसाच राहिला. `Receive rate` १०४ वर गेला.

डिस्क परत लावली. पिंग थोडाच हलला. कॉपी सुरू केली, पुन्हा धिंगाणा. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. एकदा काढून सुधारलं तर योगायोग असू शकतो. लावून बिघडतं आणि काढून सुधरतं हे पुन्हा पुन्हा दिसलं, की ते कारण म्हणायचं.

आणखी एक गोष्ट आता जुळली. या टेबलावर माउसही अधूनमधून अडखळायचा, बाण पडद्यावर उड्या मारायचा. त्याची बॅटरी दोनदा बदलून झाली होती. माउसचा डाँगलही २.४ गिगाहर्ट्झवरच ऐकतो आणि तो तर डिस्कच्या प्लगला खेटूनच लावलेला होता. वायफाय आणि वायरलेस माउस दोन्ही एकाच वेळी रुसले, तर ड्रायव्हरकडे बघण्याआधी जवळच्या यूएसबी ३ केबलकडे बघावं.

हार्ड डिस्क आणि वायफाय यांचा संबंध काय

यूएसबी ३ च्या तारेतून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. एवढ्या वेगाने चढ-उतार करणाऱ्या विद्युत संकेताची ऊर्जा एका ठिकाणी राहत नाही, ती अगदी खालपासून काही गिगाहर्ट्झपर्यंत पसरते. २.४ ते २.४८ गिगाहर्ट्झची वायफायची पट्टी त्या पसाऱ्याच्या बरोबर मध्ये येते. तारेवरचं आणि प्लगवरचं धातूचं कवच चोख असेल तर यातलं थोडंच बाहेर पडतं. कवच कमी प्रतीचं असलं की प्लग, हबचं प्लास्टिकचं खोकं आणि तार मिळून एक छोटा प्रसारक तयार होतो. इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं, त्यात जवळ ठेवलेल्या यूएसबी ३ उपकरणामुळे २.४ च्या पट्टीतला गोंगाट २० डेसिबलच्या घरात वाढल्याचं मोजून दाखवलं आहे. वरच्या हिशेबातलं उणे ९२ चं उणे ७२ होणं म्हणजे एवढीच वाढ.

हा गोंगाट वायफायच्याच फ्रिक्वेन्सीवर असल्याने लॅपटॉपमध्ये कुठलंही फिल्टर लावून तो गाळता येत नाही. गाळला तर सिग्नलही जाईल. डिस्क नुसती जोडलेली असताना त्रास कमी आणि कॉपी चालू असताना जास्त, याचं कारण रिकाम्या वेळी यूएसबीची जोडणी कमी विजेच्या अवस्थेत जाऊ शकते. बॅकअपचं सॉफ्टवेअर दर थोड्या वेळाने जागं होऊन फाइली लिहीत होतं, म्हणून तुटण्याच्या वेळा अशा बेभरवशाच्या वाटत होत्या. आणि ड्रायव्हर बदलला की तासभर बरं का वाटायचं? ड्रायव्हर बदलताना लॅपटॉप रीस्टार्ट व्हायचा आणि बॅकअप तेवढा वेळ सुरूच व्हायचा नाही.

बाकीच्या यंत्रांना काही झालं नाही त्याला दोन कारणं. त्यांच्या अँटेनेजवळ असा हब नव्हता, आणि ती ५ गिगाहर्ट्झवर होती. खात्री करायला राउटरवर दोन्ही बँडना थोड्या वेळापुरती वेगळी नावं दिली, एक फोन मुद्दाम २.४ ला जोडला आणि कॉपी चालू असताना हबच्या शेजारी ठेवला. त्याचाही वेग कोसळला. हातभर बाजूला नेला तर सावरला. दोष लॅपटॉपच्या कार्डात नसून त्या जागेत आहे, याला यापेक्षा स्वच्छ पुरावा नाही. नवं कार्ड विकत घेतलं असतं तर तेही याच जागी असंच वागलं असतं.

लॅपटॉप मुळात २.४ वर का होता

राउटर एका नावाखाली दोन्ही बँड देतो तेव्हा कुठल्या बँडवर जायचं हे शेवटी लॅपटॉपचा ड्रायव्हर ठरवतो. राउटर फार तर ढकलून पाहतो. टेबलावर दोन्ही बँड कसे पोचतात ते या कमांडने कळलं:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

२.४ चा सिग्नल ७० टक्के आणि ५ चा ६० टक्के. नुसता मोठा आवाज पाहून निवड केली तर २.४ च जिंकणार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या `Advanced` टॅबवर `Preferred Band` होतं `No Preference`. ते `Prefer 5GHz band` केलं. कार्डाच्या कंपनीनुसार या ओळीचं नाव थोडं वेगळं असू शकतं आणि काही कार्डांत ही सोय नसतेही. मग राउटरवर ५ ला वेगळं नाव देऊन लॅपटॉप फक्त त्याच नावाला जोडणं हा मार्ग उरतो.

५ वर गेल्यावर सिग्नलची एक पट्टी कमी दिसायला लागली, आणि `Receive rate` मात्र ३९० झाला. पट्टी कमी झाली म्हणून परत २.४ वर जाणारे पुष्कळ असतात. ५ गिगाहर्ट्झवर चॅनल ८० मेगाहर्ट्झ रुंद होता, २.४ वर २० चा. रस्ताच चौपट रुंद, त्यामुळे थोड्या कमी सिग्नलवरही वाहतूक कितीतरी जास्त. शिवाय या ५ अब्ज बिटवाल्या यूएसबीचा गोंगाट तिथे फारसा पोचत नाही.

तरीही हब होता तिथेच ठेवणं बरं नव्हतं, कारण माउस २.४ वरच राहणार. डिस्कला जरा जास्त लांबीची, जाड कवचाची केबल लावून ती लॅपटॉपच्या उजव्या बाजूच्या पोर्टमध्ये थेट जोडली आणि डिस्क टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. माउसचा डाँगल अर्धा मीटर लांबीच्या साध्या यूएसबी २ एक्स्टेन्शनवर माउसजवळ आणला. यूएसबी २ चा वेग ४८० एमबीपीएस असल्याने तिची ऊर्जा २.४ च्या पट्टीत त्रास देण्याइतकी जात नाही. हबला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळण्याचा सल्ला बराच फिरतो. त्यावर विसंबू नये: गळती बहुतेक प्लगच्या सांध्यातून आणि तारेतून होते, आणि कागद नेमका तिथे नीट बसत नाही. अंतर वाढवणं स्वस्त आणि खात्रीचं.

दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ पोचत नसेल तर २.४ वरच राहावं लागतं. तेव्हा डिस्क यूएसबी २ च्या पोर्टला लावावी. कॉपी सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर जाणार नाही, पण रोजच्या बॅकअपला तेवढं पुरतं आणि वायफाय शांत राहतं.

नंतरची मोजणी

डिस्कवर कॉपी चालू असतानाच पुन्हा शंभर पिंग. एकही हरवला नाही, सरासरी ३, जास्तीत जास्त १४ मिलिसेकंद. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड ९१. मोजणी कॉपी चालू ठेवूनच करायला हवी होती, डिस्क काढून केलेली चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही. तीन दिवसांनी `wlanreport` पुन्हा काढला. कामाच्या तासांतल्या जोडण्या अखंड होत्या, एक अपवाद सोडून.

तो अपवाद वीज जाऊन आल्यानंतरचा. राउटर नव्याने चालू झाला आणि लॅपटॉप परत २.४ ला चिकटला, `Prefer 5GHz band` असूनही. राउटरचा ५ गिगाहर्ट्झ चॅनल ५२ वर होता. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारही चालतात, म्हणून राउटरला प्रसारण सुरू करण्याआधी निदान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं. तेवढ्यात २.४ चालू झालेला असतो, लॅपटॉप त्याला जोडला जातो आणि जोडणी बरी चाललेली असेल तर तिथून हलत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये ५ चा चॅनल `Auto` वरून ३६ केला. त्या चॅनलवर रडारसाठी थांबावं लागत नाही, त्यामुळे दोन्ही बँड जवळपास एकदमच चालू होतात. राउटर दोनदा बंद-चालू करून पाहिला, दोन्ही वेळा लॅपटॉप थेट ३६ वर आला.